तेवीस कोटींची दोन वर्षं

मे 2022 मध्ये शंकर-6 रुईचा भाव खंडीला एक लाख रुपयांच्या वर गेला. वर्षभरापूर्वी तो जवळपास निम्मा होता. जुलैत डॉलरनं ऐंशी रुपयांचा टप्पा ओलांडला आणि ऑक्टोबरात त्र्याऐंशीचा. त्याच काळात परदेशातून सुताला येणारी मागणी आटत गेली. 2022-23 मध्ये भारताची सूतनिर्यात आदल्या वर्षाच्या निम्म्याच्या आसपास आली. मागणी, कच्चा माल आणि डॉलर, सूतगिरणीच्या हातात नसलेल्या या तिन्ही गोष्टी एकाच वर्षात हलल्या.

गिरणीचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मात्र या तिन्हींच्या एकेका आकड्यावरच उभं असतं. इतकी विक्री होईल, रुई या भावानं मिळेल, डॉलर इतक्याला जाईल, म्हणून उलाढाल इतकी. तिन्ही आकडे बरोबर येणार नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. म्हणून अंदाज चुकेल की नाही, यापेक्षा कोणता आकडा किती चुकला तर गिरणी अडचणीत येईल हे विचारायला हवं. ते शोधण्याच्या पहिल्या पायरीला सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनॅलिसिस म्हणतात आणि दुसरीला सिनॅरिओ अ‍ॅनॅलिसिस. एक गिरणी घेऊन दोन्ही करून पाहू. गिरणी कल्पित आहे आणि हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे गोल ठेवले आहेत.

ही गिरणी वर्षाला 12 लाख किलो सूत काढते. तेवढीच तिची क्षमता, आणि सगळा माल निर्यातीचा. किलोला 3.60 डॉलर मिळतात आणि डॉलर 75 रुपयांचा धरला आहे, म्हणजे किलोमागे 270 रुपये. रुई 60,000 रुपये खंडी. खंडी साधारण 356 किलोची असते, तेव्हा रुई किलोला 168 रुपयांच्या थोडी वर पडते. कातताना घट जाते, म्हणून एक किलो सुताला 1.2 किलो रुई लागते आणि किलोमागे रुईचा खर्च 202 रुपये होतो. वीज, पॅकिंग वगैरे सुताच्या वजनाप्रमाणे वाढणारा खर्च 20 रुपये. पगार, व्याज, कर्जाचे हप्ते हा चात्या फिरल्या काय किंवा थांबल्या काय, चुकत नाही असा खर्च वर्षाला 3.6 कोटी.

आता बेरीज-वजाबाकी. उलाढाल 32.4 कोटी. तिच्यातून रुईचे 24.24 कोटी, वीज-पॅकिंगचे 2.4 कोटी आणि कायम खर्चाचे 3.6 कोटी वजा केले की 2.16 कोटी नफा उरतो. दिसायला ठीकच.

सेन्सिटिव्हिटीत एक आकडा हलवायचा, बाकीचे जागेवर ठेवायचे आणि शेवटची ओळ वाचायची. इथली नेहमीची चूक म्हणजे सगळ्यांना सारखेच दहा टक्के हलवणं. रुई दहा टक्के हलायला काही आठवडे पुरतात, पण रुपया एका वर्षात दहा टक्के हलला तर ती मोठी बातमी असते. म्हणून प्रत्येक आकड्याचा पल्ला त्याच्या स्वतःच्या मागच्या काही वर्षांच्या वागणुकीवरून ठरवावा. आपण मागणी आणि रुई पंचवीस-पंचवीस टक्के हलवू, डॉलर पाच टक्के.

मागणी पंचवीस टक्क्यांनी घटली तर उलाढाल 8.1 कोटींनी पडते. पण कमी सुताला रुई आणि वीजही कमी लागते, त्यामुळे नफ्यातले 1.44 कोटीच जातात. डॉलर पाच टक्के उतरून 71.25 वर आला तर उलाढाल 1.62 कोटींनी घटते आणि नफाही तेवढाच, कारण रुपयातला खर्च काही कमी होत नाही. रुई पंचवीस टक्के महागली तर नफ्यातून 6.06 कोटी जातात. 2.16 कोटींचा नफा मावळून 3.9 कोटींचा तोटा उभा राहतो. उलाढालीत मात्र एक रुपयाचाही फरक पडत नाही.

हे परिणाम आडव्या पट्ट्यांनी, मोठी पट्टी वर आणि लहान खाली अशा क्रमानं काढले की आकृती वावटळीसारखी दिसते. तिला टॉर्नेडो चार्ट म्हणतात. आपल्या गिरणीच्या दोन वावटळी होतात. उलाढालीच्या चार्टमध्ये मागणीची पट्टी सगळ्यात लांब आणि रुईची पट्टीच नाही. नफ्याच्या चार्टमध्ये रुई सगळ्यात वर. ज्यानं फक्त उलाढालीचा अंदाज तपासला, त्याच्या कागदावर सगळ्यात मोठं संकट उमटतच नाही.

याच पायरीवर प्रश्न उलटाही विचारता येतो. नफा शून्यावर यायला प्रत्येक आकड्यानं कुठवर जावं लागेल? डॉलरनं 70 रुपयांवर. रुईनं 65,300 रुपये खंडीवर, म्हणजे नऊ टक्क्यांची वाढही पुरे. मागणी मात्र 7.5 लाख किलोंपर्यंत, म्हणजे साडेसदतीस टक्क्यांनी पडावी लागेल. कारण सुताच्या प्रत्येक किलोमागे 270 मधून 202 आणि 20 गेले की 48 रुपये उरतात आणि 3.6 कोटींचा कायम खर्च भागवायला साडेसात लाख किलो पुरतात. इथं मालकाला वाटतं, मागणीची बाजू तरी भक्कम आहे.

हा दिलासा फसवा आहे. ‘बाकीचं जागेवर ठेवून’ ही अट कागदावर चालते, बाजार ती पाळत नाही. भारतातला रुईचा भाव जगाच्या भावाकडे बघून हलतो आणि जगाचा भाव डॉलरमध्ये असतो. रुपया घसरला की निर्यातदाराला जास्त रुपये मिळतात हे खरं, पण त्याच घसरणीनं रुईही रुपयात महाग होऊ शकते. रुई महागली की सुताचा भाव थोडा चढतो, आणि तो चढला की बांगलादेशातला खरेदीदार हात आखडता घेतो. धागे एकमेकांत गुंतलेले असतात. दुसऱ्या पायरीचं काम इथून सुरू होतं.

सिनॅरिओ म्हणजे एक सुसंगत गोष्ट. अनेक अंदाजपत्रकांत ‘चांगलं’, ‘मध्यम’ आणि ‘वाईट’ असे तीन रकाने असतात आणि ते सगळे आकडे सरसकट दहा टक्के वर-खाली करून भरलेले असतात. त्याला सिनॅरिओ म्हणता येत नाही. आधी कारण सांगावं लागतं आणि मग त्या कारणानं प्रत्येक आकडा कुठे जाईल ते ठरवावं लागतं. आपण दोन गोष्टी मांडू.

पहिली रुईच्या टंचाईची, 2022 ची आठवण देणारी. पीक कमी, त्यामुळे रुई सरासरी 90,000 रुपये खंडी. रुपया घसरून डॉलर 79 वर. सुताचा भाव 4.30 डॉलरपर्यंत चढतो, पण त्या भावाला गिऱ्हाईक कमी, म्हणून विक्री 7 लाख किलो.

दुसरी जगातल्या मंदीची. कपड्यांचा खप घटल्यामुळे रुई 54,000 वर उतरते आणि सूत 3.20 डॉलरवर. विक्री 9 लाख किलो. मंदीत पैसा डॉलरकडे धावतो, म्हणून डॉलर इथंही 79.

| | मूळ अंदाज | रुईची टंचाई | जागतिक मंदी |
|---|---|---|---|
| विक्री (लाख किलो) | 12 | 7 | 9 |
| सुताचा भाव (रु. किलो) | 270 | 340 | 253 |
| रुईचा खर्च (रु. किलो) | 202 | 303 | 182 |
| उलाढाल (कोटी रु.) | 32.4 | 23.8 | 22.8 |
| नफा (कोटी रु.) | 2.16 | तोटा 2.4 | 0.97 |

शेवटच्या दोन ओळी एकत्र वाचा. दोन्ही वाईट वर्षांची उलाढाल तेवीस कोटींच्या आसपास आहे, उलट टंचाईच्या वर्षात ती थोडी जास्तच आहे. तरी एका तेवीस कोटींत गिरणी सुमारे एक कोटी कमावते आणि दुसऱ्यात अडीच कोटींच्या जवळपास गमावते.

मागणीबद्दलचा दिलासाही इथं विरतो. टंचाईच्या वर्षात किलोमागे 48 ऐवजी 17 रुपयेच उरतात. 3.6 कोटींचा कायम खर्च भागवायला आता 21 लाख किलो सूत विकावं लागेल आणि गिरणीची क्षमता आहे 12 लाखांची. मिळेल तेवढी ऑर्डर घेऊन पूर्ण क्षमतेनं गिरणी चालवली तरी हे वर्ष तोट्यातच जाणार. एकेक आकडा हलवून हे कधीच दिसलं नसतं, कारण मागणीची सुरक्षित रेषा रुईच्या भावाबरोबर स्वतःच सरकली.

या तक्त्याचा उपयोग निर्णय घेताना होतो. डॉलरचंच बघा. मूळ अंदाजानुसार वर्षात 43.2 लाख डॉलर येणार. रुपया वधारण्याची भीती असलेला मालक बँकेशी फॉरवर्ड करार करून सगळे डॉलर आजच 75 च्या भावानं विकून टाकेल. पण मंदीत विक्री घटते आणि 28.8 लाख डॉलरच येतात. उरलेल्या 14.4 लाख डॉलरचा करार रद्द करताना बाजारभाव 79 असेल, तर प्रत्येक डॉलरमागे चार रुपये भरावे लागतील. फॉरवर्ड प्रीमियम आणि बँकेचे आकार बाजूला ठेवले तरी हे 57 लाखांहून जास्त होतात, म्हणजे त्या वर्षीच्या नफ्याच्या निम्म्याहून अधिक. जोखीम टाळायला केलेला करारच जोखीम बनला. टंचाईच्या गोष्टीतही 30 लाख डॉलर येतात. म्हणजे दोन्ही वाईट वर्षांत हाती येतील इतके, साधारण 28 लाख डॉलर आधी विकणं सुरक्षित. बाकीचे ऑर्डर पक्क्या होतील तसतसे विकावेत.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. आपण रुईचा वर्षाचा एकच सरासरी भाव धरला. प्रत्यक्षात रुई हंगामात घेऊन ठेवली जाते आणि तिचं सूत काही महिन्यांनी विकलं जातं. भाव शिखरावर असताना साठा केला आणि नंतर भाव उतरला, तर महाग रुईचं सूत स्वस्त बाजारात विकावं लागतं. मे 2022 नंतर रुई उतरली, त्याचा फटका महाग साठा असलेल्यांना याच वाटेनं बसला. हे दिसायला तक्ता महिन्यावार मांडावा लागतो. सरकारी निर्णयाला तर पट्टीच नसते. फेब्रुवारी 2021 पासून रुईच्या आयातीवर असलेलं अकरा टक्के शुल्क 14 एप्रिल 2022 पासून तात्पुरतं माफ झालं. असा निर्णय पंचवीस टक्क्यांच्या पल्ल्यात बसवता येत नाही, त्याची वेगळी गोष्टच लिहावी लागते. आणि प्रत्येक गोष्टीला ‘तीस टक्के शक्यता’ अशी पाटी लावून सरासरी काढण्याचा मोह आवरावा. टंचाईचा तोटा आणि मंदीचा नफा यांची सरासरी असलेलं वर्ष कधी येतच नाही.

अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर उलाढालीच्या आकड्याखाली आणखी दोन आकडे असावेत: रुई 65,300 आणि डॉलर 70. बाकी काही बदललं नाही तर याच रेषांवर नफा संपतो. रुई 63,000 वर पोचली की मालकानं वर्षअखेरीची वाट न पाहता तक्ता पुन्हा मांडावा. तेव्हा सुताचा भावही चढलेला असेल तर रेषा थोडी पुढे गेलेली दिसेल. चढलेला नसेल, तर नवीन ऑर्डर जुन्या भावानं घ्यायची की नाही, हा प्रश्न त्याच दिवशी समोर येईल. तेव्हा गिरणीत अजून तोटा झालेला नसेल.