क्रेडिट कार्डाच्या तीन तारखा

क्रेडिट कार्डाचा महिना कॅलेंडरप्रमाणे १ तारखेला सुरू होतोच असे नाही. तो बँकेने ठरवलेल्या तारखेला सुरू होतो आणि साधारण तीस दिवसांनी संपतो. हा काळ म्हणजे बिलिंग सायकल. ती ज्या दिवशी संपते त्या दिवशी तोवरच्या खर्चाचा हिशेब बंद होऊन बिल तयार होते, म्हणून ती स्टेटमेंटची तारीख. बिल भरायची शेवटची तारीख म्हणजे ड्यू डेट. ती त्यानंतर बहुधा अठरा ते वीस दिवसांनी येते. बिल निघाल्यावर व्याज लागू होण्याआधी भरण्यासाठी किमान पंधरवडा मिळाला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

लोक लक्षात ठेवतात ती ड्यू डेट. पण कोणता खर्च कोणत्या महिन्यात भरायचा, हे ठरते स्टेटमेंटच्या तारखेवर.

समजा, एका कार्डाचे स्टेटमेंट दर महिन्याच्या १५ तारखेला निघते आणि ड्यू डेट पुढच्या महिन्याची ४ तारीख आहे. १४ जुलैला घेतलेल्या वस्तूचे पैसे १५ जुलैच्या बिलात येतील आणि ४ ऑगस्टपर्यंत भरावे लागतील. हातात दिवस मिळाले २१. तीच वस्तू १६ जुलैला घेतली, तर ती १५ ऑगस्टच्या बिलात जाते आणि पैसे ४ सप्टेंबरपर्यंत भरता येतात. दोनच दिवस थांबल्याने मुदत ५० दिवसांची झाली. जाहिरातीतले ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ हे असे असतात: सायकलच्या पहिल्या दिवशी खरेदी करणाऱ्यालाच ते पूर्ण मिळतात. १४ तारखेचा व्यवहार खात्यात १६ तारखेला नोंदला गेला, तर तो पुढच्या बिलात जाऊ शकतो. त्यामुळे मोठी खरेदी स्टेटमेंटच्या आदल्या दिवसापेक्षा नंतरच्या दोन-तीन दिवसांत केलेली बरी.

ही बिनव्याजी मुदत मात्र सशर्त असते. मागचे बिल पूर्ण भरले असेल तरच ती मिळते, आणि एटीएममधून काढलेल्या रोख रकमेला ती बहुतेक कार्डांवर मिळतच नाही. तिथे व्याज पहिल्या दिवसापासून.

सर्वाधिक गोंधळ होतो तो बिलावरच्या ‘किमान देय रकमे’मुळे. वरच्याच कार्डावर २० जूनला ४०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. १५ जुलैच्या बिलात किमान रक्कम २,००० दिसली आणि ४ ऑगस्टला तेवढीच भरली. विलंब शुल्क टळले, पण व्याज टळले नाही. ते ५ ऑगस्टपासून लागत नाही, फ्रिज घेतला त्या २० जूनपासून लागते. दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर धरला, तर १५ ऑगस्टच्या बिलात सुमारे अडीच हजार रुपये व्याज येते. कार्डाच्या अटींनुसार हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. भरलेले २,००० व्याजालाही पुरले नाहीत. शिवाय थकबाकी आहे तोवर नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चढते, अगदी किराणा घेतला तरी. पुढे सगळी रक्कम भरून टाकली तरी त्यानंतरच्या बिलात थोडे व्याज दिसू शकते. ते स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचे असते. बँकेची चूक समजून ते तसेच सोडू नये.

ड्यू डेट चुकली, तर थकबाकी तीन दिवसांपेक्षा जास्त राहिल्यावरच बँक विलंब शुल्क लावू शकते किंवा क्रेडिट ब्युरोला ती कळवू शकते. याला वाढीव मुदत समजणे चूक ठरेल, कारण चौथ्या दिवशी मोजणी मूळ ड्यू डेटपासूनच होते. पैसे कार्डाच्या खात्यात जमा व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून दोन-तीन दिवस आधी भरावेत. ऑटो-डेबिट लावताना ‘पूर्ण रक्कम’ निवडली आहे ना, हे पाहावे. ‘किमान रक्कम’ निवडली गेली, तर दर महिन्याला बिल भरल्याचा मेसेज येत राहतो आणि थकबाकी मागे साचत जाते. बचत खात्यात ड्यू डेटच्या आदल्या संध्याकाळीच पुरेशी शिल्लक हवी.

पगार १ तारखेला होत असेल, तर ४ किंवा ५ तारखेची ड्यू डेट सोयीची. २५ तारखेची असेल तर पैसे नेमके महिनाअखेरीच्या ओढाताणीत भरावे लागतात. अशा वेळी बिलिंग सायकल बदलून मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेने ही सवलत किमान एकदा द्यावी लागते. हेल्पलाइन, ईमेल किंवा अ‍ॅपवरून विनंती करता येते. बदलाच्या महिन्यात एखादी सायकल नेहमीपेक्षा लांब किंवा आखूड होते, आणि तेवढ्यापुरते बिलही मोठे किंवा लहान येते. दोन कार्डे असतील, तर त्यांच्या स्टेटमेंटच्या तारखांत पंधरा दिवसांचे अंतर ठेवून घ्यावे, म्हणजे दोहोंपैकी एकाची सायकल कायम नुकतीच सुरू झालेली असते.