डायक्स्ट्राची हावरी वाट, कागद-पेन्सिलीने

एड्सखर डायक्स्ट्रा हा डच संगणकतज्ज्ञ 1956 साली अॅमस्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूबरोबर खरेदीला निघाला होता. दमून दोघे एका कॅफेत कॉफी प्यायला बसले आणि साधारण 20 मिनिटांत, कागदावर काहीही न लिहिता, त्याला सर्वांत जवळची वाट शोधायची रीत सुचली. ‘आरमॅक’ हा नवा संगणक लोकांना दाखवायचा होता, त्यासाठी त्याने नेदरलँड्सची 64 शहरे घेतली. 64 च का? शहराचा क्रमांक सहा बिटांत मावावा म्हणून! ही रीत छापून आली 1959 साली. आज ती संगणकशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असते, पण डोक्यात पक्की बसते ती हाताने सोडवल्यावरच.

पाच गावे घेऊ : अ, ब, क, ड, इ. रस्ते दुहेरी आहेत आणि अंतरे किलोमीटरमध्ये. अ-क 2, अ-ब 3, क-ब 4, क-ड 6, क-इ 9, ब-ड 3, ड-इ 4. आपल्याला अ पासून इ ला जायचे आहे.

या रीतीला हावरी म्हणतात, कारण ती प्रत्येक वेळी समोर दिसणारे सर्वांत लहान उचलते आणि उचललेले पुन्हा कधी सोडत नाही. मात्र लहान म्हणजे काय, इथेच गफलत होते. उभे आहोत तिथून जवळचे, अजून न पाहिलेले गाव गाठत गेलो तर अ-क-ब-ड-इ असे 13 किलोमीटर पडतात. डायक्स्ट्रा पायाखालचा रस्ता मोजत नाही, निघाल्यापासूनची बेरीज मोजतो.

कागदावर पाचही गावे एका ओळीत लिहा. अ खाली 0, बाकीच्यांखाली अनंताचे चिन्ह. अ ला गोल करा. गोल म्हणजे हा आकडा आता पक्का. अ च्या शेजाऱ्यांचे आकडे भरा : क 2, ब 3. आकड्याशेजारी कुठून आलो ते अक्षरही लिहायचे, नाहीतर शेवटी अंतर कळेल पण वाट सापडणार नाही.

गोल न केलेल्यांत लहान क आहे. त्याला गोल करा आणि क वरून पुढे पाहा. ब ला 2 + 4 = 6 लागतील, पण तिथे आधीच 3 आहे, तेव्हा हात लावू नका. ड ला 8 येतात, इ ला 11. इ ला आकडा आला की पुष्कळजण इथेच पेन्सिल खाली ठेवतात. पण इ ला अजून गोल झालेला नाही, म्हणजे 11 हा नुसता कच्चा आकडा आहे.

आता लहान ब, 3. गोल. ब वरून ड ला 3 + 3 = 6. आधीचे 8 खोडून 6 लिहा, शेजारचे क खोडून ब लिहा. मग ड ला गोल; तिथून इ ला 6 + 4 = 10, तेव्हा 11 खोडले. शेवटी इ ला गोल. आता अक्षरे उलट वाचा : इ ला ड वरून आलो, ड ला ब वरून, ब ला अ वरून. वाट अ-ब-ड-इ, 10 किलोमीटर.

क ला 2 वर गोल करताना एवढी खात्री कशाची? क ला येणारी दुसरी कोणतीही वाट अ मधून आधी ब ला जाणार, आणि तिथेच 3 झाले. पुढे रस्ते वाढतील तशी बेरीज वाढेल, घटणार नाही. सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे.

म्हणूनच उणे आकडा आला की ती कोसळते. विजेवर चालणारी गाडी घाट उतरताना बॅटरी थोडी भरून घेते. किलोमीटरऐवजी खर्च झालेली वीज मोजली, तर काही उतारांवर आकडा उणे येऊ शकतो. समजा, ब कडून क कडे जाणारा एकेरी उतार उणे 2 चा आहे. मग अ-ब-क चा खर्च 1 होतो, पण क ला तर आपण आधीच 2 वर गोल करून बसलो. गोल खोडायची सोय या रीतीत नाही, आणि उत्तर चुकल्याचे ती सांगतही नाही. अशा वेळी बेलमन-फोर्ड ही रीत वापरतात. ती कोणताच आकडा आधी पक्का करत नाही, सगळे रस्ते पुन्हा पुन्हा तपासते, आणि त्यामुळे हळू चालते.

आता ब-ड रस्ता 3 ऐवजी 6 करून सगळे पहिल्यापासून मांडा. इ ला 11 आणि वाट अ-क-इ आली, तर तुम्हाला जमले. ड पाशी 9 लिहिले असेल, तर ब ची पायरी पुन्हा तपासा.