गोठणबिंदूखालची बॅटरी

नॉर्वेत 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दर दहांत जवळजवळ नऊ निव्वळ विजेवर चालणाऱ्या होत्या, आणि ज्या देशाचा उत्तरभाग ध्रुववृत्ताच्याही पलीकडे पसरला आहे तेथे असे घडावे, याचे काही श्रेय बॅटरीला वेळेवर ऊब देण्याच्या एका साध्या तजविजीकडे जाते. हिवाळ्यात लिलेहामेरहून उत्तरेकडे डोव्हरे पठाराच्या दिशेने निघालेली गाडी रस्त्यावर निर्वेध धावते; तीच गाडी डोम्बोसच्या जलद चार्जिंग स्थानकावर थंडगार अवस्थेत पोचली, तर यंत्राची क्षमता दीडशे किलोवॅटची असूनही बॅटरी तिच्या एका लहानशा अंशाहून अधिक वीज स्वीकारीत नाही. वीज देण्यास राजी असलेली बॅटरी ती घेण्यास इतकी नाखूश का असते, हे समजले की पुढचे सर्व आपोआप उलगडते.

लिथियम-आयन बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियमचे आयन धनाग्र सोडून मधल्या द्रवातून प्रवास करीत ग्राफाइटच्या ऋणाग्रापर्यंत येतात आणि त्याच्या थरांमध्ये शिरतात. प्रत्येक आयनाभोवती द्रावकाच्या रेणूंचे एक वेष्टन असते, ते उतरवल्याखेरीज त्याला आत प्रवेश नाही. आणि तपमान उतरू लागताच हे वेष्टन उतरवण्याची क्रिया फार मंदावते, द्रव घट्टसर होतो, ग्राफाइटच्या आतील सरकणेही संथ होते. अशा वेळी बाहेरून प्रवाहाचा रेटा कायम ठेवला, तर दारातच खोळंबलेले आयन आत न जाता ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातुरूप लिथियम होऊन साचतात. भरलेले ग्राफाइट आणि धातुरूप लिथियम यांच्या विद्युत्-पातळीत अंतर असते ते जेमतेम एक-दशांश व्होल्टचे, त्यामुळे ही मर्यादा ओलांडली जाण्यास फारसे काही लागत नाही. साचलेल्या धातूपैकी काही भाग पुन्हा कधीच उपयोगात येत नाही, आणि साठा वाढत गेल्यास त्याचे अंकुर मधला पडदा भेदून आतल्या आत जोडणी करण्याचा धोका संभवतो. उलट दिशेने, म्हणजे गाडी चालताना, आयन ग्राफाइट सोडून निघत असतात. तेथे धातू साचण्याचे भय नाही. म्हणून गाडी सुरळीत चालते एवढ्यावरून ती तितक्याच सुरळीतपणे चार्ज होईल, असे अनुमान करणे चुकीचे ठरते.

ही हानी त्या दिवशी दिसत नाही, पुढे कित्येक महिन्यांनी घटलेल्या पल्ल्यातून ती जाणवते; आणि म्हणूनच बॅटरीचे नियंत्रण करणारी यंत्रणा सर्वांत थंड घटाचे तपमान प्रमाण मानून प्रवाहाला आधीच मज्जाव करते. तिचा हा सावधपणा मला सर्वथैव योग्य वाटतो. चालकाला त्याचा दाखला स्थानकावर पोचण्यापूर्वीच मिळतो: पाय उचलल्यावर गाडीचा वेग ज्या जोराने उतरायचा तो उतरत नाही, कारण मोटारीतून बॅटरीकडे परतणारी वीजही चार्जिंगच असते.

आता उपाय पाहू. समजा, साठ युनिटांच्या बॅटरीचे वजन चारशे किलो आहे आणि रात्रभर बाहेर उभी राहून ती उणे 10 अंशांवर आली आहे. एक किलो वजन एका अंशाने तापवण्यास सुमारे एक किलोज्यूल धरले, तर तिला 25 अंशांपर्यंत आणण्यास चौदा हजार किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ चार युनिटे खर्ची पडतात; सहा किलोवॅटच्या तापकाला त्यासाठी सुमारे चाळीस मिनिटे लागतात. म्हणून मार्गदर्शक नकाशावर स्थानकाचे नाव घातले की गाडी अंतराचा हिशेब करून तितका वेळ आधी तापक सुरू करते, व बॅटरीलगतच्या नळ्यांतून उष्ण द्रव फिरवते. काही गाड्यांत मोटारच मुद्दाम अपव्ययाने चालवून तिची उष्णता वापरतात. टेस्लाने ही सोय 2019 साली आणली. छत्तीस युनिटे भरायची असता उबदार बॅटरीने सरासरी नव्वद किलोवॅट घेतले तर चोवीस मिनिटे पुरतात, थंड बॅटरीने तीसच घेतले तर बहात्तर. चार युनिटांच्या मोबदल्यात पाऊण तासाहून अधिक वेळ वाचतो.

चालकाने नकाशात स्थानकाची नोंद केली नाही, तर गाडीला त्याचा बेत कळत नाही आणि ती तापवण्यास आरंभ करीत नाही, मग त्याने वाटेत कितीही वेळ घालवलेला असो. जानेवारी 2024 मध्ये शिकागो परिसरात पारा उणे 18 अंशांच्या खाली गेला तेव्हा चार्जिंग स्थानकांवर लांब रांगा लागल्या आणि कित्येक गाड्या तेथेच बंद पडल्या, कारण रांगेत उभ्या असलेल्या गाडीची शिल्लक वीज प्रवाशांना ऊब देण्यातही संपत असते. शिल्लक फार खाली गेली की पुष्कळ गाड्या बॅटरी तापवण्याचे नाकारतात, आणि मग नेमकी ज्या बॅटरीला उबेची सर्वाधिक गरज असते तीच गार राहते; यासाठी कडक थंडीत वीज पाचव्या हिश्श्यावर येण्याआधीच स्थानक गाठावे, आणि रात्री घरच्या प्लगला जोडलेल्या गाडीला निघण्याच्या वेळेची सूचना देऊन ठेवावी, म्हणजे पहिली ऊब बॅटरीच्या साठ्यातून न जाता भिंतीतल्या विजेतून मिळते.