चातुर्मास : कारणाला तारीख विचारावी

मागच्या बैठकीत एका तरुण सभासदानं साधा प्रश्न विचारला होता. चातुर्मासात कांदा-लसूण, वांगी, पालेभाज्या का खात नाहीत? बैठकीतच पाच जणांनी पाच उत्तरं दिली. देव झोपलेले असतात, पावसात भाजीत किडे असतात, पचन मंदावतं, कांदा तामसी आहे आणि शेवटचं म्हणजे "आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे". मी त्या दिवशी गप्प बसलो. पेशानं इंजिनीअर असल्यामुळे मला एक खोड आहे. कुणी कारण सांगितलं की ते कोणत्या दिवशी सुरू होतं आणि कोणत्या दिवशी संपतं, हे मी आधी पाहतो. कारण खरं असेल तर त्याची तारीख नेमाच्या तारखेशी जुळायला हवी. या लेखात तेवढंच केलं आहे.

आधी मोजमाप. आषाढ शुद्ध एकादशीला (देवशयनी) चातुर्मास लागतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला (प्रबोधिनी) संपतो. चार चांद्रमास म्हणजे सुमारे ११८ दिवस. २०२४ साली १७ जुलै ते १२ नोव्हेंबर, बरोबर ११८. पण मध्ये अधिक मास आला तर हे गणित बदलतं. २०२३ साली श्रावण अधिक होता, त्यामुळे २९ जून ते २३ नोव्हेंबर असे १४७ दिवस झाले. नाव चातुर्मास, महिने पाच. या फरकानं आमच्या घरात काय झालं ते शेवटी सांगतो.

भोपाळमध्ये यात आणखी एक गुंता आहे. १९५६ साली हे शहर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची बरीच मराठी कुटुंबं सरकारी नोकरीनिमित्त इथं आली. माझे आजोबा त्यांतलेच. येताना देवघराबरोबर पंचांगही आलं. आपला महिना अमावास्येला संपतो, शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. म्हणून आषाढ पौर्णिमेनंतरचा जो कृष्ण पक्ष आपण आषाढ वद्य म्हणतो, तोच शेजारच्या मिश्राजींच्या घरी सावन असतो. २०२४ साली त्यांचा सावन २२ जुलैला लागला, आपला श्रावण ५ ऑगस्टला. ४ ऑगस्टला आपल्याकडे दिव्यांची अवस म्हणून दिवे घासूनपुसून पूजले गेले. त्याच दिवशी शेजारी हरियाली अमावस होती, म्हणजे त्यांचा सावन निम्मा सरला होता. सोमवार दोघांचेही पाच, पण सामाईक फक्त तीन.

इथल्या मराठी घरांत दरवर्षी हा प्रश्न येतोच. सून इकडचीच असेल तर ती पहिल्या सावन-सोमवारी उपास धरते आणि सासूबाई म्हणतात, "अगं, अजून आषाढ चालू आहे." दोघीही बरोबर असतात. पण चातुर्मासाची सुरुवात आणि शेवट मात्र दोन्ही घरांत एकाच दिवशी येतो. कारण शुक्ल पक्षाचं नाव दोन्ही पद्धतींत एकच आहे, भांडण फक्त कृष्ण पक्षाच्या नावाचं. चातुर्मास शुक्ल एकादशीपासून शुक्ल एकादशीपर्यंत मोजतात, म्हणून तो या वादातून सुटतो.

ही गोष्ट लक्षात घेतली की खाण्याचे नियमही उलगडतात. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत चार महिन्यांची चार व्रतं सांगितली आहेत. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा १७९०च्या सुमाराचा धर्मसिंधु हा त्यांतला मराठी घरांवर सर्वांत जास्त छाप असलेला ग्रंथ. पहिल्या महिन्यात शाक म्हणजे भाजी वर्ज्य, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध, चौथ्यात द्विदल म्हणजे डाळी-कडधान्यं. बोलताना आपण "श्रावणात भाजी, भाद्रपदात दही" असं म्हणतो. पण पंचांगात पाहिलंत तर शाकव्रत आषाढ शुद्ध द्वादशीला लागतं, दधिव्रत श्रावण शुद्ध द्वादशीला, पयोव्रत भाद्रपद शुद्ध द्वादशीला आणि द्विदलव्रत आश्विन शुद्ध द्वादशीला. म्हणजे महिना एकादशीला संपवून द्वादशीला नवा धरायचा.

लहानपणी मला एक कोडं पडायचं. आश्विनात दूध वर्ज्य, मग कोजागिरीला आटवलेलं दूध कसं चालतं? याचं उत्तर या मोजणीत आहे. पयोव्रत आश्विन शुद्ध एकादशीला संपतं आणि कोजागिरी चार दिवसांनी पौर्णिमेला येते. दूध तोवर मोकळं झालेलं असतं. खरी अडचण दिवाळीत होते, कारण ती पूर्णच्या पूर्ण द्विदलव्रतात येते. चकलीच्या भाजणीत डाळी, लाडवात बेसन, शेवेत बेसन. हे व्रत नेटानं पाळणाऱ्या घरात रव्याचे लाडू, तांदळाचे अनारसे, कणकेची शंकरपाळी यांवर दिवाळी होते. दिवाळीच्या फराळात बेसन अजिबात नसेल, तर त्या घरी द्विदल पाळत असावेत असा अंदाज बांधता येतो.

आता कारणं. पावसात पालेभाजीत किडे-अळ्या होतात, हे कारण पहिल्या महिन्याला शोभतं. भोपाळला साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो, आषाढ-श्रावणात तो भरात असतो. चिखलानं भरलेली पालकाची जुडी धुताना हे कुणालाही पटेल. पण हेच कारण दुसऱ्या महिन्यात लंगडं पडतं. भाद्रपदात पाऊस असतोच, तरी ऋषिपंचमीला आपण अळू, माठ अशा पाल्यांची मिसळ भाजी मुद्दाम करतो. शिवाय शास्त्रातला "शाक" हा शब्द पाल्यापुरता नाही. त्यात मूळ, कोंब, फळ, फूल, सालही येतं. नुसत्या किड्यांसाठी नियम केला असता तर मुळ्याच्या कंदाला त्यात ओढायचं कारण नव्हतं.

पचनाचं कारण आयुर्वेदातलं. वर्षा ऋतूत जठराग्नी मंद होतो, म्हणून हलकं खावं, असं ऋतुचर्येत सांगतात. हेही पावसापुरतं ठीक. पण कार्तिकात भोपाळचं आकाश कोरडं ठणठणीत असतं, सकाळी गारवा येतो, भूक वाढते. नेमकी तेव्हा डाळ बंद! काही जुनी माणसं म्हणतात की नवा मूग-उडीद नुकता निघालेला असतो, तो नीट वाळेपर्यंत थांबावं. हे सांगणं तारखेशी जुळतं, पण मूग-उडदापुरतंच. तूर तेव्हा शेतात उभीच असते.

कांद्याची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती सर्वांत उद्बोधक वाटते. आषाढ शुद्ध नवमीला आपल्याकडे कांदेनवमी करतात. कांद्याची भजी, थालीपीठ, झुणका, भरले कांदे, जे काय करायचं ते त्या दिवशी, कारण दोन दिवसांत बंदी. तामसी म्हणून कांदा सोडतात हे खरं मानलं, तर तो सोडायच्या आधी असा सण का करावा? शेताकडून पाहिलं तर उत्तर सापडतं. उन्हाळी कांदा मार्च ते मेमध्ये काढून साठवतात. पावसाळी दमट हवेत तो कोंब धरतो, सडतो. एक सडका कांदा शेजारच्या चार कांद्यांना घेऊन जातो. नवा खरीप कांदा बाजारात येऊ लागतो तो दिवाळीच्या आसपास. म्हणजे बंदीची सुरुवात आणि शेवट साठवणीच्या हिशेबाशी बऱ्यापैकी जुळतात. पण लसूण इथं बसत नाही. मंदसौर-नीमचकडचा लसूण नीट वाळवला तर पावसाळाभर टिकतो. त्याला साठवणीचं कारण लागू नाही, तो कांद्याचा जोडीदार म्हणून बाहेर गेला असावा.

वांग्याची तारीख आणखी पुढची आहे. बऱ्याच घरांत कार्तिकी एकादशीला चातुर्मास सुटला, तरी वांगं लगेच चुलीवर येत नाही. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच वांगं खातात. २०२४ साली चातुर्मास १२ नोव्हेंबरला सुटला, पण चंपाषष्ठी ७ डिसेंबरला होती. म्हणजे वांग्याचा चातुर्मास पावणेपाच महिन्यांचा! त्याचं घड्याळ विष्णूच्या झोपेवर नाही, कुळाच्या दैवतावर चालतं.

एका जागी राहण्याचा नियम तर याहून जुना. आपल्यापासून दीड तासावर सांची आहे. तिथले भिक्षू वर्षावास पाळत, तो तीन महिन्यांचा. जैन साधूंचा चार महिन्यांचा. संन्याशांचा बहुधा दोनच, आषाढ पौर्णिमा ते भाद्रपद पौर्णिमा, कारण ते पक्षालाच महिना धरतात. चिखलात चालू नये, कोवळे कोंब आणि जीव तुडवू नयेत, हे कारण या तिघांनाही शोभतं. गृहस्थाचे चार महिने त्याला समांतर आहेत, पण त्याला कुणी फिरू नको म्हणत नाही. त्याला जिभेवर लगाम घालायला सांगतात.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. चातुर्मास हा एक नियम नाही. भिक्षूचं, शेतकऱ्याचं, वैद्याचं आणि कुळदैवताचं अशी वेगवेगळी घड्याळं एकाच भिंतीवर टांगलेली आहेत. लोक सांगतात ती कारणं खोटी नाहीत, पण प्रत्येक कारण एकाच घड्याळाचं आहे. एका कारणानं सगळे नेम समजावू लागलो की कुठेतरी तारीख चुकते.

हे फक्त वादासाठी लिहीत नाही. २०२३ साली माझ्या आईनं, वय वर्षं ७८, चातुर्मासभर एकभुक्त राहायचा नेम धरला. तिला मधुमेह आहे, गोळ्या चालू. दरवर्षी जमतं म्हणून आम्हीही काही बोललो नाही. त्या वर्षी अधिक महिना होता. ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे एरवी नेम संपला असता तेव्हा, एका संध्याकाळी तिला दरदरून घाम आला, हात थरथरू लागले. साखर ५८ निघाली. साखरपाणी दिल्यावर ती सावरली. डॉक्टरांनी सांगितलं की रात्रीचं जेवण टाळायचं आणि गोळी तीच घ्यायची, हे चालणार नाही.

आई नेम मोडायला तयार नव्हती. मग मी वरचाच हिशेब तिच्यापुढे मांडला. देवशयनी ते प्रबोधिनी हे दिवस ठरलेले आहेत, पण त्यात काय सोडायचं हे ज्यानं त्यानं संकल्प करताना निवडायचं असतं. कुणी धारणं-पारणं करतं, कुणी आवडता पदार्थ सोडतं, कुणी मौनानं जेवतं. आमच्या गुरुजींनीही शक्तीप्रमाणे नेम बदलायला हरकत नाही असं सांगितलं. उरलेले दिवस आईनं दोन्ही वेळा जेवून, पण मौन पाळून काढले.

पुढच्या आषाढात तिनं मला आधी पंचांग आणायला लावलं. "यंदा किती दिवस, ते मोजून सांग," म्हणाली, "मग काय सोडायचं ते ठरवते." मी मोजून सांगितलं, ११८. तिनं मौनच धरलं, आणि कांदेनवमीला भजी जरा जास्त केली.