पोस्टरवर कोणता आकडा मोठा छापायचा?

पानाचा फोटो पाहून पिकाचा रोग ओळखणारा प्रोग्राम हा मशीन लर्निंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा लाडका प्रकल्प आहे. त्याला लागणारे फोटो फुकट मिळतात. ‘प्लांटव्हिलेज’ या संग्रहात १४ पिकांच्या पानांचे ५४,३०६ फोटो आहेत. पीक आणि रोग मिळून त्यांचे ३८ गट पडतात. निरोगी पानांचे गटही त्यातच आले. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सालाथे या संशोधकांनी यातल्या काही फोटोंवर मॉडेल शिकवलं आणि बाजूला ठेवलेल्या फोटोंवर तपासलं, तेव्हा ९९.३५ टक्के उत्तरं बरोबर आली. आजचे विद्यार्थीही तयार मॉडेल घेऊन थोड्या प्रयत्नात या आकड्याच्या आसपास पोचतात.

मग प्रकल्प एकाच पोस्टरवर मांडायची वेळ येते आणि ‘९९ टक्के’ सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलं जातं. तिथेच पोस्टर फसतं.

कारण त्याच शोधनिबंधात दुसराही आकडा आहे. इंटरनेटवरून जमवलेल्या, वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तेच मॉडेल ३१.४ टक्क्यांवर घसरलं. प्लांटव्हिलेजची पानं तोडून, करड्या किंवा काळ्या कागदावर ठेवून टिपलेली आहेत. शेतात मात्र पानामागे माती असते, दुसरी पानं असतात, कडक ऊन असतं. २०२२ मध्ये एका संशोधकाने फोटोंच्या पार्श्वभूमीतले फक्त आठ पिक्सेल घेऊन मॉडेल शिकवलं, तर पान न बघताही ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. निव्वळ अंदाजाने ती २.६ टक्के आली असती. म्हणजे रोगाखेरीज कागद आणि प्रकाश यांच्या खुणाही मॉडेलच्या हाती लागू शकतात.

विद्यार्थ्यांकडे सांगण्यासारखी गोष्ट आहे ती ही. पोस्टरचं शीर्षक ‘वनस्पती रोगनिदानासाठी डीप लर्निंग’ असं न ठेवता ‘कागदावरचं पान ओळखतं, शेतातलं चुकतं’ असं ठेवलं, तर बघणाऱ्याला निष्कर्ष दुरूनच कळतो. मधोमध फोटोंच्या दोन ओळी द्याव्यात. वर संग्रहातली पानं, खाली विद्यार्थ्यांनी स्वतः शेतात काढलेले फोटो. प्रत्येकाखाली खरा रोग आणि मॉडेलचं उत्तर. टोमॅटोवरचा लवकरचा करपा मॉडेलने उशिराचा करपा म्हणून सांगितला असेल, तर तो फोटो आवर्जून घ्यावा. शेतातल्या फोटोंवरचा खरा रोग मात्र जाणकाराकडून, शक्यतो कृषी विद्यापीठातल्या रोगतज्ज्ञाकडून ठरवून घेतलेला हवा. नाहीतर चूक मॉडेलची की फोटोला नाव देणाऱ्याची, हेच कळणार नाही.

एवढं मांडायचं तर बरंच काढावं लागतं. सर्वांत आधी जावी न्यूरल नेटवर्कच्या थरांची आकृती. मॉडेल तयार घेतलेलं असेल, तर त्याचं नाव एका ओळीत पुरतं. प्रशिक्षणाच्या फेऱ्यांबरोबर चूक कशी घटत गेली याचा आलेखही जावा. तो विद्यार्थ्यांच्या कामाचा असतो, बघणाऱ्याच्या नाही. कोणता गट कोणता समजला गेला हे दाखवणाऱ्या तक्त्यात इथे ३८ गुणिले ३८, म्हणजे १,४४४ चौकोन होतात. तो उभ्याने कोणी वाचत नाही. त्यातल्या सर्वाधिक गोंधळाच्या दोन-तीन जोड्या उचलाव्यात आणि पूर्ण तक्ता अहवालात ठेवावा.

दोन बारीक ओळी मात्र कितीही जागा कमी पडली तरी वाचवाव्यात. पहिली, फोटोंची वाटणी कशी केली याची. या संग्रहात एकाच पानाचे अनेक फोटो आहेत. त्यातला एक शिकवायला आणि दुसरा तपासायला गेला, तर पाहिलेलंच पान परीक्षेत आलं आणि आकडा उगाच फुगला. म्हणून ‘वाटणी पानानुसार’ हे शब्द हवेत, आणि वाटणी तशी केलेलीही हवी. दुसरी ओळ शेतातल्या फोटोंच्या संख्येची. साठांपैकी वीस बरोबर आले, तर ‘३३.३३ टक्के’ छापू नये, ‘६० पैकी २०’ लिहावं. इतक्या थोड्या फोटोंवर खरी टक्केवारी ढोबळमानाने २२ ते ४६ मध्ये कुठेही असू शकते, आणि दशांशाचे दोन आकडे नसलेली खात्री दाखवतात.

छपाईआधी आणखी एक अडचण उभी राहते. प्लांटव्हिलेजचे सहज मिळणारे फोटो २५६ गुणिले २५६ पिक्सेलचे असतात. ते दहा सेंटिमीटर रुंद केले, तर इंचाला जेमतेम ६५ पिक्सेल येतात आणि डागांच्या कडा फुटतात. चार सेंटिमीटरला ते नीट दिसतात. ए-झिरो आकाराच्या पोस्टरची प्रत आधी ए-फोर कागदावर काढून पाहावी. लांबी-रुंदी चौपटीने कमी होते, त्यामुळे २४ पॉइंटचं अक्षर ६ पॉइंटचं होतं. हातभर अंतरावरून ते वाचता आलं नाही, तर मजकूर अजून कापायचा आहे.