सोफ्यावरचा तेलाचा डाग

सोफ्याच्या पाठीवर, डोकं टेकतं तिथे, केसांच्या तेलाचा काळपट डाग पडतो. तो पुसण्याआधी गादीखालची पट्टी वाचावी. ‘डब्ल्यू’ म्हणजे पाण्याचं क्लीनर चालतं. ‘एस’ला फक्त सॉल्व्हंट, कारण पाण्याने वर्तुळं उठतात. ‘डब्ल्यूएस’ला दोन्ही चालतं, ‘एक्स’ला निव्वळ व्हॅक्यूम.

समजा, पट्टीवर ‘डब्ल्यू’ आहे. डागावर कॉर्नफ्लॉर भुरभुरून दोनेक तास ठेवावं आणि व्हॅक्यूमने ओढून घ्यावं. मग दोन कप कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड फेसाळावं. मागच्या बाजूला आधी चाचणी घेऊन, नुसता फेस पांढऱ्या फडक्याने टिपत लावावा. घासलं तर तेल आणखी पसरतं.

शेवटी साध्या पाण्याच्या ओलसर फडक्याने साबण काढून पंखा लावावा. साबण राहिला, तर तिथेच धूळ पुन्हा चिकटते.