तीनपट झूममधली अदृश्य चौकट

गूगलच्या पिक्सेल ७ प्रो या २०२२ च्या फोनमध्ये टेलिफोटो लेन्स पाचपट झूमची आहे. मग तीनपट झूमवर फोन काय करतो? नुसता मुख्य कॅमेऱ्याचा फोटो कापून ताणला, तर बारकावे पुसट होतात. म्हणून अडीचपट ते पाचपट या टप्प्यात तो दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र करतो.

टेलिफोटोला तीनपट फोटोची पूर्ण रुंदी दिसत नाही, मधली ६० टक्केच दिसते. उंचीचंही तेच, म्हणजे क्षेत्रफळाने जेमतेम ३६ टक्के. तेवढ्या भागाचे बारकावे टेलिफोटोकडून येतात, कडा मुख्य कॅमेऱ्याच्याच राहतात. जोडण्याआधी दोन्ही फोटोंचे रंग, उजेड आणि जागा जुळवाव्या लागतात.

खरी अडचण जागा जुळवण्यात आहे. दोन लेन्स शेजारी असल्या तरी एका बिंदूवर नाहीत. दूरच्या इमारतीला त्याने फरक पडत नाही. पण जवळच्या फांदीमागचा जो भाग एका लेन्सला दिसतो, तो दुसरीला झाकलेला असतो. तिथे जोड बसला नाही तर दुहेरी कड उमटते किंवा तेवढा तुकडा मऊ राहतो. हलणाऱ्या पानांचंही तसंच. अंधारात टेलिफोटोला प्रकाश कमी मिळतो, त्यामुळे तिची मदतही घटते.

जोड ओळखायचा असेल तर दिवसाउजेडी लांबच्या विटांच्या भिंतीचा तीनपट फोटो काढा आणि मोठा करून मधून कडेकडे सरकत जा. विटांमधल्या रेघा जिथे अचानक मऊ होतात, तिथे टेलिफोटोची हद्द संपते. गटाचा फोटो काढताना म्हणूनच महत्त्वाचे चेहरे मध्यभागी घ्या.